बारदान्यासकट तेवीस किलो

सव्वीस वर्षं मी धान तोललं. गावच्या सेवा सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावर, काट्यापाशी उभा राहून, धुळीत खोकत. शेतकरी म्हणायचे हा संस्थेचा माणूस, संस्था म्हणायची हा शेतकऱ्यांचा. दोन्हीकडून शिव्या मिळतात म्हणजे काटा बरोबर आहे, अशी मी माझी समजूत काढून घेतली होती. चाळीस किलोचा कट्टा म्हणजे चाळीस किलो धान. रिकाम्या पोत्याला आमच्याकडे बारदाना म्हणतात आणि त्याचे सहाशे-सातशे ग्रॅम वजा केल्याशिवाय मी आयुष्यात कधी आकडा तोंडातून काढला नाही. शेतकरी धान विकतो, पोतं विकत नाही. हे तत्त्व माझ्या हाडात इतकं मुरलेलं आहे की लग्नात बायकोकडच्यांनी मिठाईचा डबा दिला तेव्हाही मी आधी डबा किती वजनाचा, हा विचार केला होता. बायको ही गोष्ट अजून चारचौघांत सांगते.

माझी मुलगी इंग्लंडला शिकायला गेली. काय शिकायला, तर पाणी. म्हणजे पाण्याचं नियोजन वगैरे. गावात मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "पाणी शिकाले इतल्या दूर कायले पाठोलं? गोसीखुर्दचं धरण का कमी हाये?" त्याचं घर जुन्या गावात होतं, माझंही होतं, दोन्ही आता पाण्याखाली आहेत. तेव्हा पाण्याबद्दल आम्हाला काही शिकवू नये, हे त्याचं म्हणणं मला पटलं होतं. तरी पोरगी गेली.

तिच्या जाण्यात माझा हात किती, तर सही करण्याइतका. बँकेने कागद पुढे केला, मी सही केली. व्हिसाचा कागद आला, सही केली. तिची फी, तिचं घरभाडं, तिचे अर्ज, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. सगळं तिनंच केलं आणि मी बाप म्हणून बाजूच्या खुर्चीवर बसलो. याचं मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटायचं. आमच्या फोनवरही त्याचा परिणाम झाला. तिचा फोन आला की मी विचारायचो, "जेवली का?" ती म्हणायची, "जेवली." मी म्हणायचो, "थंडी हाये का?" ती म्हणायची, "हाये." मग माझी गाडी संपायची. "घे, आईसंग बोल," म्हणून मी फोन बायकोच्या हातात कोंबायचो आणि उगाच अंगणात जाऊन काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवायचो. एक वर्ष शिक्षणाचं आणि वर सहा महिने कामाचे, अशी दीड वर्षं मी मुलीशी रोज चाळीस सेकंद बोललो.

मग तिचं परत यायचं ठरलं आणि एका संध्याकाळी तिनं आईला नाही, मलाच मागितलं.

"बाबा, एक काम हाये तुमच्याकडं. वजनाचं."

मी अंगणातून धावत आलो. बायको म्हणाली, एवढी घाई तर पोरगी पास झाली तेव्हाही केली नव्हती. तिला काय कळणार? दीड वर्षात पहिल्यांदा पोरीनं मला असं काही विचारलं होतं, ज्यातलं मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. ही एक गोष्ट मला बरोबर करून दाखवायची होती. बाकी जग गेलं खड्ड्यात.

मामला असा होता. तिच्या तिकिटावर विमान कंपनी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा फुकट नेणार होती. शिवाय हातात सात किलो. आणि तिच्या खोलीत दीड वर्षात जमलेलं सामान होतं सहासष्ट किलो, हातातलं सोडून. हे तिनं घरमालकिणीचा माणसं तोलायचा काटा मागून, एकेक ढीग मोजून काढलं होतं: पुस्तकं एकतीस किलो, कपडे वीस, रजई आणि थंडीची जाड जाकिटं नऊ, जोडे आणि किरकोळ सहा. म्हणजे वरच्या वीस किलोंचं काय करायचं, हा प्रश्न होता. विमानात जास्तीची बॅग घ्यायची, की खोकं भरून मागून पाठवायचं?

मी म्हटलं, "भाव सांग."

तिनं सांगितले. तिसरी बॅग आधीच ऑनलाइन घेतली तर ऐंशी पौंड, आयत्या वेळी काउंटरवर घेतली तर एकशे वीस. समुद्रानं खोकं पाठवलं तर पंच्याहत्तर पौंड, तीस किलोपर्यंत कितीही भरा, पोचायला आठ ते बारा आठवडे. विमानाच्या कुरियरनं पाठवलं तर आठवड्यात घरी, पण त्याचा भाव वेगळाच होता. रजई आणि जाकिटांचं खोकं तिनं त्यांच्या साइटवर टाकून पाहिलं होतं. वजन नऊ किलो आणि पैसे मागत होते चोवीस किलोचे.

"चोवीस काहून?" मी ओरडलोच. "काटा मारून राहिले का ते?"

"नाही बाबा. ते खोक्याची लांबी, रुंदी, उंची गुणतात. साठ, पन्नास, चाळीस. त्याले पाच हजारानं भागतात. चोवीस येते. खरं वजन आन हे वजन, जे जास्त असन त्याचे पैसे."

म्हणजे हवेचे पैसे. माझं डोकं तापलं. सव्वीस वर्षांत मी ओल्या धानाला नाही म्हटलं, मातीच्या धानाला नाही म्हटलं, पण हवेला भाव लावायची अक्कल मला कधी सुचली नाही. फोन ठेवून मी अंगणात फेऱ्या मारल्या. आणि मग, भाताचं ताट पुढे आल्यावर, मला मुरमुरे आठवले.

मुरमुऱ्याची पोती ट्रकमध्ये भरली की ट्रक भरतो, पण काट्यावर काहीच येत नाही. धानाने तोच ट्रक अर्धासुद्धा भरत नाही आणि टायर बसतात. म्हणून मुरमुऱ्याचं भाडं ट्रकवाला जागेवर घेतो, धानाचं वजनावर. कुरियरवाला काही चोर नव्हता, तो आपला ट्रकवालाच होता. मी ताट सरकवून फोन लावला. स्वतःहून, पहिल्यांदा.

"हे पाय, माय. जे मुरमुरे हायेत ना, रजई, जाकिटं, ते बॅगेत भर. विमानवाला बॅग तोलते, तो हवा नाही मोजत. बॅग फुगन तर फुगू दे, त्याच्या मापात राहिली म्हणजे झालं. आन धान हाये ते खोक्यात टाक. धान म्हणजे तुझे पुस्तकं. खोकं लहान, वजन भारी."

ती हसली. "बाबा, हे मले इथं कोणीच नाही सांगतलं."

त्या रात्री मी दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढचे आठ दिवस आमच्या घरात कामधंदा बंद होता. संध्याकाळी सातला फोन यायचा आणि तासभर चालायचा. तिच्याकडे तेव्हा दुपार असायची. ती एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढे धरायची, वजन सांगायची, मी जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून घ्यायचो. दोन रकाने, बॅग आणि खोकं. बोलता बोलता वस्तूंच्या गोष्टी निघायच्या. हे जाकीट कुणाकडून जुनं घेतलं, हा जोडा पावसात कसा फाटला, या पुस्तकासाठी तीन शनिवार दुकानात काम केलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दीड वर्षं ती कशी राहिली हे मला तिच्या सामानाच्या यादीतून कळलं. मी मात्र दर वाक्यानंतर खाकरून विचारायचो, "वजन सांग."

खोक्याचे पंच्याहत्तर पौंड मी लगेच मान्य केले नाहीत. धानाच्या गाडीला चढवायची हमाली वेगळी, उतरवायची वेगळी. मी विचारलं, "हे तिकडून चढवाचे झाले. इकडं उतरवाचे कोण देते?" तिनं कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की भारतातले बंदराचे आणि कस्टम सोडवायचे पैसे वेगळे, इकडचा एजंट घेईल, साधारण चार-पाच हजार. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'घरपोच' लिहिलं होतं. घर कुणाचं, ते नव्हतं लिहिलं.

हे धरलं तर खोकं आणि तिसरी बॅग जवळजवळ सारख्याच पडत होत्या, कारण तिसऱ्या बॅगेसाठी बॅगही विकत घ्यावी लागली असती. मग मी पैशाचा विचार बाजूला ठेवून हातांचा केला. पोरीला हात दोन. मुंबईहून नागपूरचं वेगळं विमान घेतलं तर ते पंधरा किलोच्या वर किलोकिलोला पैसे मागणार, म्हणून ती रेल्वेनं थेट आमच्या वरठी स्टेशनला येणार होती. विमानतळावरून टॅक्सी, टॅक्सीतून फलाट, फलाटावरून डबा. तिसरी बॅग काय दातात धरणार? खोकं पक्कं झालं. तो निकाल मी जाहीर केला तेव्हा मला खरंच न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं.

या सगळ्यात बायकोनं एकच मागणी लावून धरली होती. गंज.

हा गंज म्हणजे भात शिजवायचं पितळी पातेलं, भंडाऱ्यातून घेतलेलं, तीन किलो आठशे ग्रॅमचं. पोरगी गेली तेव्हा हिनं तो मला न सांगता तिच्या बॅगेत घातला होता, कारण भात पितळेतच मोकळा होतो. तिथं गेल्यावर कळलं की तिथल्या इंडक्शन शेगडीला पितळ ओळखूच येत नाही. लोखंड ठेवलं तर तापते, पितळ ठेवलं तर नुसती टुकटुक वाजते. दीड वर्षं त्या गंजात कांदे राहिले.

"गंज यादीत लिहा जी," बायको म्हणाली.

"तीन किलो आठशे हाये. नवा घेऊन देतो."

"नवा कायले? तो माहा हाये."

"त्यानं एक दिवस भात नाही शिजवला."

"तुमी तरी कुठी शिजवला?"

मी गंज यादीत घेतला नाही. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलू लागली. मी डगमगलो नाही. काटा बायकोला ओळखत नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि मला ते फार आवडलं.

शेवटी यादी पक्की झाली. बॅग एक, तेवीस किलो. बॅग दोन, तेवीस किलो. तळाला अकरा किलो पुस्तकं, वर कपडे, वर मुरमुरे. खोक्यात वीस किलो पुस्तकं, बाकी जागा रिकामी. मी तिला फोटो पाठवला. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी ते चित्र बायकोला दाखवलं, शेजाऱ्याला दाखवलं आणि संस्थेत जाऊन सचिवालाही दाखवलं. खोकं न्यायला तिच्याकडे माणूस आला, खोकं गेलं.

ती निघायच्या दिवशी माझा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, घरी आला. हा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला, सगळी नोकरी स्टोअरमध्ये. तीन प्रतींत लिहिल्याशिवाय हा माणूस भाजी पण आणत नाही. मी त्याला माझी यादी दाखवली. खरं म्हणजे दाखवायलाच बोलावलं होतं. त्यानं चष्मा लावून वाचली, दोनदा वाचली.

"भाऊजी, हे नेट हाये का ग्रॉस?"

"म्हणजे?"

"बॅगचं वजन धरलं का? रिकाम्या बॅगचं?"

मी हसलो. "अरे, बारदाना कोण धरते?"

तो हसला नाही. "विमानवाले धरतात."

मी यादी त्याच्या हातातून ओढून घेतली. इतका घाबरा मी गाव सोडताना ट्रॅक्टरवर बसलो तेव्हाही झालो नव्हतो. मी तेवीस किलो सामान मोजलं होतं आणि बॅग वजा धरली होती, कारण माझ्या हातानं सव्वीस वर्षं तेच केलं होतं. दोन्ही बॅगा रिकाम्या मिळून नऊ किलोच्या होत्या. हे मला माहीत होतं! तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, "ते सोड, ते आपल्या कामाचं नाही." म्हणजे काट्यावर प्रत्येक बॅग साडेसत्तावीसच्या घरात जाणार. तेवीसच्या वर आणि बत्तीसच्या आत गेली की बॅगेमागे पासष्ट पौंड दंड. दोन बॅगांचे एकशे तीस. नाहीतर रांगेत, लोकांपुढे, जमिनीवर बॅग उघडून नऊ किलो काढून टाकायचे.

मी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ती विमानतळाच्या रेल्वेत असणार, बोगद्यात. साळा म्हणाला, "पैसे भरन ते, काय होते?" त्याला मी काय सांगणार होतो? पैशाचं नव्हतं. पोरीनं आयुष्यात एकदा माझ्यावर भार टाकला आणि मी तिला साऱ्या जगापुढे जमिनीवर बसवलं, हे होतं. बायको आतून आली, माझं तोंड बघितलं आणि अबोला सोडून पाण्याचा तांब्या पुढे केला.

दीड तासानं तिचाच फोन आला.

"बाबा, झालं चेक-इन. दोन्ही बॅगा गेल्या."

"पैसे लागले का?"

"एक पैसा नाही. तुमचा हिशोब बरोबर निघाला."

मी साळ्याकडे पाहिलं. साळ्यानं छताकडे पाहिलं. "असं होतच नाही," तो पुटपुटला. मी म्हटलं, तुझ्या निर्माणीत नसन होत. तो चहा न पिता गेला आणि मला त्याचा आनंदच झाला.

पुढचे अडीच महिने मी गावात काय सांगत फिरलो ते आठवलं की आता कान गरम होतात. मी सांगायचो की इंग्लंडात माणुसकी आहे, तिथले काटेवाले शिकलेले आहेत, ते बारदाना वजा करतात. संस्थेच्या ओट्यावर मी यावर अर्धा तास बोललो. एकानं विचारलं, "आन बत्तीसच्या वर का नाही घेत?" मी म्हटलं, हमालाच्या पाठीसाठी. हे मात्र खरं होतं. पोरीनंच सांगितलं होतं, एका माणसाला बॅग उचलावी लागते म्हणून बत्तीसच्या वरची ते घेतच नाहीत. आपल्याकडे चाळीसचा कट्टा उचलणाऱ्यांनी ते ऐकून माना डोलावल्या.

वरठीला ती उतरली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दोन बॅगा, पाठीवर एक, अंगावर भर उन्हात थंडीचा कोट. मी बॅगा उचलल्या. सवयीनं हातातच अंदाज घेतला आणि अंदाज मला तेवीसचाच आला, पण त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पोरगी बारीक झाली होती. घरी आल्यावर तिनं पाठीवरची पिशवी उघडली आणि त्यातून गंज काढला. गंजात मोजे ठासून भरले होते. मुंबईत कस्टमवाल्यानं तो बाहेर काढून, उलटा करून, वाजवून पाहिला होता म्हणे. बायकोनं तो छातीशी धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी बैलाला पाणी दाखवायला निघून गेलो.

खोकं यायला दहा आठवडे लागले. मधे मुंबईच्या एजंटनं पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स मागवल्या, ती परत कधी आली त्याचा शिक्का मागवला, सामानाची सही केलेली यादी मागवली, आणि चार हजार सातशे रुपये मागवले. वापरलेलं सामान आहे, विकायचं नाही, हे पोरीला दोनदा लिहून द्यावं लागलं. मग एक दिवस ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की खोकं भंडाऱ्याच्या गोदामात पडलं आहे, गावात गाडी येत नाही, घेऊन जा. 'घरपोच' म्हणजे हे. मी मोटरसायकल काढली.

गोदामात खोकं उचललं आणि माझा हात थांबला.

हात खोटं बोलत नाही. हे वीस किलो नव्हतं. खोक्यावर छापील चिठ्ठी होती, निघताना तिकडे चिकटवलेली. तिच्यावर वजन होतं: २९.९. मी तिथंच पोत्यावर बसलो. माझी वीस किलो पुस्तकं, खोक्याचा पुठ्ठा सुमारे एक किलो. उरले नऊ. दोन रिकाम्या बॅगांचे नऊ.

मी ते खोकं मागे बांधून सव्वीस किलोमीटर आलो आणि रस्ताभर मला राग येत होता. तिच्यावर. तिला ठाऊक होतं. खोकं जायच्या आधीच ठाऊक होतं. मग माझा तमाशा काहून चालू दिला? गावभर मला बोलू दिलं! माणुसकी काय, शिकलेले काटेवाले काय!

ती अंगणात होती. मी खोकं खाली ठेवलं, चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हे नऊ किलो कुठून आले?"

तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, तुम्ही बारदाना वजा केला होता."

"तुले केव्हा समजलं?"

"यादी पक्की झाली त्याच दिवशी. बॅग भरून काट्यावर ठेवली तं साडेसत्तावीस. मंग नऊ किलो पुस्तकं खोक्यात टाकले. जागा होतीच. तीसपर्यंत एकच भाव."

"मंग सांगतलं काहून नाही?" माझा आवाज चढला. बायको दारात आली, हातात तोच गंज. "एक फोन कराचा होता! बाबा, चुकले तुम्ही. इतलंच."

ती खोक्याची सुतळी सोडायला लागली.

"सांगनार होती," ती म्हणाली. "फोन लावला, तं तुम्ही बोलतच होते. मुरमुरे, हमाली, दोन हात. तासभर. बाबा, मी तिथं असताना तुम्ही माह्याशी कधी एक मिनिट नाही बोलले. मले वाटे, तुम्ही रागावले हाये मी गेली म्हणून. त्या आठ दिवसांत तुम्ही फोन ठेवाले तयार नव्हते. मी कायले सांगू, का हिशोब चुकला?"

रागावलो होतो? मी? मी अंगणात लाकडं इकडची तिकडे करत होतो. तिकडे ती दीड वर्षं समजत होती की बाप रागावला आहे.

"मी रागावलो नव्हतो, माय," मी म्हटलं. "मले काही विचारता येत नव्हतं."

बायकोनं गंज ओट्यावर ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "आन माह्या भावाले काय काय बोलले, ते आठोते का?" त्यामुळे आम्ही तिघंही हसलो आणि ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशी मी जवाहरनगरला जाऊन साळ्याची माफी मागितली. त्यानं ती तीन प्रतींत मागितली नाही, एवढंच.

आता पोरीला पुण्यात नोकरी लागली आहे. पुढच्या सोमवारी जाते. रेल्वेनं जाणार, वरठीहून. रेल्वेत बॅग कोणी तोलत नाही, हे तिलाही माहीत आहे, मलाही. काल संध्याकाळी सातला माझा फोन वाजला. पाहिलं तर तिचाच. ती आतल्या खोलीत होती, मी अंगणात.

"बाबा," ती म्हणाली, "एक काम हाये. वजनाचं."

मी बायकोला हाक मारली नाही. खाट ओढली, नीट बसलो, पावतीपुस्तक मांडीवर घेतलं.

"सांग," मी म्हटलं. "पयले रिकामी बॅग तोल."